प्रेमभाषेच्या चाचणीतले ११ गुण

«सप्रेम नमस्कार. आमच्या लग्नाला पाच वर्षे झाली, मुलगी चौदा महिन्यांची आहे. मी बँकेत काम करते; नवरा चाकणच्या एका कारखान्यात पाळ्यांमध्ये जातो. मैत्रिणीच्या सांगण्यावरून आम्ही दोघांनी मोबाइलवर ‘लव्ह लँग्वेज’ची चाचणी दिली. मला एकत्र वेळ ११, कौतुकाचे शब्द ८, केलेली कामे ६, स्पर्श ४ आणि भेटवस्तू १ असे गुण मिळाले. त्याला कामे ११, स्पर्श ९, शब्द ५, वेळ ४ आणि भेटवस्तू १. तेव्हापासून मी ‘जरा बसून बोलू या’ म्हटले की तो म्हणतो, ‘वेळ ही तुझी भाषा, माझी कामाची, मी माझ्या भाषेत प्रेम करतोच आहे.’ आणि घरातले तो खरोखरच पुष्कळ करतो. आता एक सहकारी सांगतात की मानसशास्त्रज्ञांनी हे सगळे खोडून काढले आहे. मग या गुणांचा अर्थ काय? आमचे मुळातच जुळत नाही असे आहे का? आणि हे खोटे असेल, तर तसे त्याला सांगू का?»
— एक वाचक, पिंपरी-चिंचवड

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मधल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: नाही. या गुणांवरून दोन माणसांचे जुळते की नाही हे ठरवता येत नाही, आणि ज्या दोघांचा पहिला क्रमांक वेगळा आला त्यांचा संसार कमी सुखाचा होतो, असे दाखवणारा भरवशाचा पुरावा आजवर पुढे आलेला नाही. तुमच्या पतींचे म्हणणे तर ज्या पुस्तकातून ही चाचणी निघाली, त्या पुस्तकाच्याही उलट आहे. त्या पुस्तकानुसार चाचणीतला पहिला क्रमांक आपल्याला प्रेम कसे मिळावेसे वाटते हे सांगतो, आणि जोडीदाराने आपली सवय बाजूला ठेवून नेमके तेच शिकून घ्यावे, अशी तेथे अपेक्षा आहे. ‘माझी भाषा ही आहे, म्हणून मी एवढेच करणार’ ही सवलत त्या लेखकाने कोणालाही दिलेली नाही. ती नंतर मोबाइलवरच्या निकालांनी आणि गप्पांनी दिली.

तो लेखक म्हणजे गॅरी चॅपमन. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील विन्स्टन-सेलम या शहरात ते एका बाप्टिस्ट चर्चमध्ये पाद्री होते आणि चर्चमध्ये येणाऱ्या जोडप्यांशी त्यांच्या संसाराविषयी बोलत असत. त्यांचे शिक्षण मानववंशशास्त्रात आणि प्रौढशिक्षणात झाले होते. ते मानसशास्त्रज्ञ नव्हेत आणि संशोधन म्हणून त्यांनी हे काम केलेही नव्हते. अनेक वर्षांच्या भेटींची टिपणे त्यांनी पुन्हा चाळली आणि ‘माझ्या जोडीदाराचे माझ्यावर प्रेम नाही’ असे जेव्हा कोणी म्हणाले, तेव्हा त्या माणसाला नेमके हवे काय होते, हा प्रश्न त्या टिपणांना विचारला. उत्तरांचे त्यांनी पाच गट केले: कौतुकाचे आणि आधाराचे शब्द, एकमेकांसाठी काढलेला वेळ, भेटवस्तू, जोडीदारासाठी केलेली कामे आणि स्पर्श. ‘द फाइव्ह लव्ह लँग्वेजेस’ हे पुस्तक १९९२ मध्ये निघाले.

एखाद्या अनुभवी माणसाने आपल्या टिपणांतून पाच गट काढावेत, यात गैर काही नाही. अनेक चांगल्या कल्पनांची सुरुवात अशीच होते. मात्र ते सारे लोक एकाच शहरातल्या एकाच धर्मपरंपरेतले होते, विवाहित होते, स्त्री-पुरुष जोडपी होती आणि अडचणीत सापडल्यामुळे पाद्रींकडे आलेली होती. त्यांच्या तक्रारींतून निघालेले पाच गट जगातल्या सर्व नात्यांना पुरतात असे मानायचे असेल, तर ते वेगळ्या लोकांमध्ये तपासून पाहावे लागते. तशी तपासणी होण्याच्या कितीतरी आधी पुस्तक घराघरांत पोहोचले होते. पहिल्या वर्षी त्याच्या काही हजार प्रतीच खपल्या. पुढे मात्र वर्षागणिक खप वाढत गेला, दोन कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या, मुलांसाठी, अविवाहितांसाठी, पुरुषांसाठी आणि कार्यालयासाठीही त्याच नावाची पुस्तके आली, आणि आज डेटिंग ॲपवरच्या परिचयांत किंवा इन्स्टाग्रामच्या मराठी रील्समध्ये ज्यांनी पुस्तक उघडलेलेही नाही ते लोक आपली ‘लव्ह लँग्वेज’ सांगताना दिसतात.

एवढे लोकप्रिय होण्याचे कारण केवळ जाहिरात नव्हे, आणि त्या कारणाकडे टीकाकार कधी कधी पुरेसे लक्ष देत नाहीत असे माझे मत आहे. संसारातली बहुतेक भांडणे ‘तुला माझी पर्वा नाही’ या वाक्यापाशी येऊन अडतात. हे वाक्य आरोपाचे आहे. त्याला उत्तर म्हणून समोरचा स्वतःचा बचाव करतो, आणि बचावापुढे संभाषण जात नाही. चॅपमन यांच्या मांडणीने त्या जागी दुसरे वाक्य दिले: तुझे प्रेम आहे, पण ते ज्या रूपात येते त्या रूपात ते मला जाणवत नाही. यात कोणीच दोषी ठरत नाही. शिवाय उपाय हातात मावेल इतका लहान होतो, कारण स्वभाव बदला असे कोणी सांगत नाही. भांडी घासा, पाठीवरून हात फिरवा, दोन शब्द बोला, इतकेच सांगितले जाते. समुपदेशकाकडे जायला संकोचणाऱ्या आणि मनातले बोलायला शब्द नसलेल्या माणसांना, विशेषतः पुरुषांना, हा मार्ग सोपा वाटला. त्यात काही मिनिटांची फुकट चाचणी आणि तिच्या शेवटी मिळणारे स्वतःचे एक नाव यांची भर पडली. स्वतःविषयी थोडक्यात सांगता येणारे नाव सर्वांनाच आवडते, आणि एकदा ते मिळाले की त्याला पुष्टी देणारे प्रसंग आपल्याला आठवतात. न देणारे आठवत नाहीत.

आता तुमच्या गुणांकडे येऊ, कारण खरा घोटाळा तेथेच आहे.

तुम्ही पाठवलेले पाच आकडे मिळवून पाहा: बेरीज ३० येते. तुमच्या पतींचीही ३०च येते. कोणाचीही तेवढीच येईल, कारण या चाचणीत विधानांच्या ३० जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीतले एक विधान निवडावेच लागते. ‘दोन्ही हवी’ किंवा ‘दोन्ही नकोत’ असे म्हणण्याची सोय नसते. प्रत्येक भाषा १२ जोड्यांमध्ये येते, म्हणून एकीला अधिकाधिक १२ गुण मिळू शकतात. समजा, एका स्त्रीला या पाचही गोष्टी अतिशय महत्त्वाच्या वाटतात, म्हणजे दहापैकी साडेनऊ, पण त्यांत तिचा अगदी बारीकसा क्रम आहे. ती प्रत्येक जोडीत त्या क्रमाप्रमाणे सातत्याने निवड करत गेली, तर तिचा निकाल १२, ९, ६, ३ आणि ० असा लागेल. दुसऱ्या एका पुरुषाला पहिली गोष्ट जीव की प्राण आहे आणि शेवटची खरोखरच नकोशी आहे, तर त्याचाही निकाल तोच येईल: १२, ९, ६, ३, ०. निकालाच्या पानावर ही दोन माणसे हुबेहूब सारखी दिसतील. शून्य गुण मिळालेली गोष्ट त्या स्त्रीला प्रिय आहे आणि त्या पुरुषाला अप्रिय, हे त्या शून्यातून कळण्याचा मार्ग नाही.

म्हणजे ही चाचणी क्रम सांगते. गरज किती आहे ते सांगत नाही. तुमच्या पतींच्या ‘वेळ ४’ या आकड्याचा अर्थ ‘यांना सहवासाची फारशी गरज नाही’ असा होत नाही. त्याचा अर्थ इतकाच की सहवास जेव्हा दुसऱ्या एखाद्या हव्याशा गोष्टीसमोर ठेवला, तेव्हा बारापैकी आठ वेळा त्यांनी ती दुसरी गोष्ट निवडली. संशोधकांनी जोड्या न लावता हीच पाच प्रकारची विधाने लोकांपुढे सुटी सुटी ठेवली आणि प्रत्येकाला स्वतंत्र गुण द्यायला सांगितले, तेव्हा बहुतेकांनी पाचही प्रकारांना वरचे गुण दिले. ‘प्रत्येकाची एकच मुख्य भाषा असते’ हा या मांडणीचा पहिला आधार आहे, आणि तो माणसांच्या स्वभावापेक्षा प्रश्नपत्रिकेच्या रचनेतून निर्माण झालेला असावा, असा संशय घ्यायला त्यामुळे जागा राहते.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. आपली मुख्य भाषा ओळखण्यासाठी चॅपमन यांनी चाचणीखेरीज काही खुणा सांगितल्या आहेत: आपण इतरांवर प्रेम कसे दाखवतो, आपली तक्रार सर्वांत जास्त कशाची असते आणि आपण मागतो काय. यांतल्या तक्रार आणि मागणी या खुणा स्वभावाइतक्याच उणिवेच्याही असू शकतात. ज्या घरात नवरा रात्री उठून बाळाला घेतो, दूध आणतो, कपडे वाळत घालतो, त्या घरातल्या बाईची तक्रार कामांची असणार नाही. कामे तिला मिळतच आहेत, म्हणून ती तिच्या डोळ्यांपुढून निघून जातात. तेच घर कामांच्या बाबतीत उघडे पडले, तर त्याच बाईच्या निकालात कामे पहिल्या क्रमांकावर येऊ शकतील. तुमची मुलगी चौदा महिन्यांची आहे, तुम्ही नोकरी करता आणि पतींच्या पाळ्या फिरत्या आहेत. अशा काळात ‘एकत्र वेळ ११’ हा आकडा तुमच्या जन्मजात स्वभावाचे वर्णन आहे, यापेक्षा सध्या घरात कशाचा दुष्काळ आहे याची ती नोंद आहे, असे मला जास्त संभवनीय वाटते. लग्नाच्या पहिल्या वर्षी हीच चाचणी दिली असती, तर तो आकडा कदाचित वेगळा असता.

तुमच्या सहकाऱ्यांनी जे ऐकले, ते बहुधा एमिली इम्पेट, गिडिअन पार्क आणि एमी म्यूझ या कॅनडातील संशोधकांच्या लेखाविषयी असावे. नात्यांवर आधी झालेले संशोधन एकत्र करून त्यांनी २०२४ मध्ये या मांडणीचे तीन दावे तपासले: प्रत्येकाची एक मुख्य भाषा असते, भाषा पाचच असतात, आणि जोडीदार आपल्याशी आपल्या मुख्य भाषेत बोलला तर नाते अधिक समाधानी होते. तिन्ही दाव्यांना पुरेसा आधार मिळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. भाषेच्या रूपकाऐवजी त्यांनी चौरस आहाराचे रूपक सुचवले: शरीराला जशी निरनिराळी पोषकद्रव्ये लागतात आणि एकच भरपूर मिळाल्याने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही, तसेच नात्यालाही अनेक गोष्टी एकाच वेळी लागतात. तेव्हा ‘खोडून काढले’ हे म्हणणे थोडे जास्त होते. शब्द, वेळ, स्पर्श, कामे यांनी नात्याला बळ मिळते हे कोणीही नाकारलेले नाही. त्यांपैकी एकच निवडून बाकीच्यांना दुय्यम ठरवण्याला आक्षेप आहे.

तिसऱ्या दाव्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तुमची चिंता त्यावर उभी आहे. बंट आणि हेझलवूड या संशोधकांनी ६७ जोडप्यांचा अभ्यास करून २०१७ मध्ये तो प्रसिद्ध केला. भाषा जुळण्याचा आणि समाधानाचा संबंध त्यांना मर्यादितच आढळला; स्वतःच्या वागण्याकडे पाहून ते जाणीवपूर्वक बदलण्याची तयारी अधिक महत्त्वाची दिसली. याउलट पोलंडमधील संशोधकांच्या २०२२ च्या अभ्यासात, १०० जोडप्यांमध्ये, जोडीदार आपल्याला आवडत्या प्रकारे प्रेम व्यक्त करतो असे ज्यांच्याबाबत दिसले ते अधिक समाधानी आढळले. हा निष्कर्ष बाजूला सारता येत नाही. पण तो वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एक म्हणजे, एकाच वेळी घेतलेल्या माहितीवरून कारण कोणते आणि परिणाम कोणता हे कळत नाही. जो नात्यात सुखी असतो, त्याला जोडीदाराचे चांगले वागणे जास्त दिसतेही. दुसरी म्हणजे, असे समाधान ‘नेमकी पहिल्या क्रमांकाची’ गोष्ट मिळाल्याने येते की एकूणच जास्त प्रेम मिळाल्याने येते, हे वेगळे काढणे अवघड आहे. या दाव्याच्या बाजूने मिळालेला पुरावा पाहताना हा प्रश्न नेहमी विचारावा.

पाचच भाषा का, याचे तर समाधानकारक उत्तर मिळतच नाही. १९९१ मध्ये, म्हणजे चॅपमन यांच्या पुस्तकाच्या एक वर्ष आधी, लॉरा स्टॅफर्ड आणि डॅनियल कॅनरी या संशोधकांनी नाते टिकवण्यासाठी माणसे काय काय करतात याची वर्गवारी प्रसिद्ध केली होती. योगायोगाने तिच्यातही पाचच गट होते, पण ते असे: आनंदी आणि सुखावह वागणूक, नात्याविषयी मोकळे बोलणे, आपण सोबत राहणार असल्याची ग्वाही, कामांची वाटणी, आणि एकमेकांच्या आप्तमित्रांशी ठेवलेले संबंध. यांतला शेवटचा गट चॅपमन यांच्या यादीत कोठेही नाही. आपल्याकडे ज्या घरात सासर, माहेर, वेगळी राहणारी जाऊ आणि सुट्टीत कोणाकडे जायचे हे प्रश्न रोजचे असतात, तेथे ही उणीव लगेच जाणवते: नवऱ्याने बायकोच्या आजारी वडिलांची चौकशी स्वतःहून करणे कोणत्या भाषेत बसवायचे? त्याचप्रमाणे भांडण झाल्यावर ते कसे मिटवले जाते, जोडीदाराच्या शिक्षणाला किंवा नोकरीला पाठिंबा मिळतो की नाही, पैशाचे निर्णय कोण घेते, या गोष्टींना त्या यादीत स्वतंत्र जागा नाही, आणि संसार मोडण्याची किंवा टिकण्याची कारणे बहुतेक वेळा तेथेच सापडतात.

याच संदर्भात एका प्रकरणाचा उल्लेख टाळता येत नाही, कारण मला स्वतःला या पुस्तकातला सर्वांत गंभीर दोष तेथे दिसतो. नवरा अत्यंत वाईट वागतो, त्याच्याविषयी मनात प्रेम उरलेले नाही, अशा अवस्थेत आलेल्या एका स्त्रीची हकीकत त्यात आहे. बायबलमधील शत्रूवरही प्रेम करण्याच्या शिकवणीचा आधार घेऊन चॅपमन तिला सहा महिन्यांचा प्रयोग सुचवतात: तक्रारी थांबवायच्या, नवऱ्याचे कौतुक करायचे, आणि इच्छा नसतानाही शरीरसंबंधांत पुढाकार घ्यायचा, कारण त्याची भाषा शब्दांची आणि स्पर्शाची असावी. हकीकतीचा शेवट गोड आहे. पण जेथे अपमान, धाक किंवा जबरदस्ती आहे, तेथे ‘तू त्याची भाषा नीट बोलत नाहीस’ हा सल्ला त्रास सोसणाऱ्याच्याच पदरात जबाबदारी टाकतो. तुमच्या पत्रात असे काही दिसत नाही. तरीही हे सदर वाचणाऱ्या ज्या कोणाच्या घरी ते असेल, तिने ही चाचणी बाजूला ठेवून विश्वासातल्या माणसाची आणि कायद्याची मदत घ्यावी.

आता तुम्ही दोघांनी काय करावे, याविषयी.

चाचणीचे गुण फेकून देण्याची गरज नाही, पण तुम्हाला हवी ती माहिती देण्याची ताकद त्यांच्यात नाही. तीच पाच नावे एका कागदावर एकाखाली एक लिहा आणि त्यांच्या खाली आणखी तीन जोडा: वाद झाल्यावर तो मिटवणे, दोन्हीकडच्या माणसांशी संबंध, आणि स्वतःच्या कामात किंवा विश्रांतीत मिळणारा पाठिंबा. प्रत्येकासमोर दोन रकाने करा. पहिल्यात, ‘सध्या मला हे किती हवे आहे’ यासाठी दहापैकी गुण द्यायचे. दुसऱ्यात, ‘गेल्या पंधरवड्यात हे मला किती मिळाले’ यासाठी. एका ओळीची दुसऱ्या ओळीशी तुलना करायची नाही; सर्वांना दहा दिले तरी हरकत नाही. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर हे करावे आणि पूर्ण झाल्यावरच एकमेकांना दाखवावे.

समजा, तुमच्या कागदावर वेळेसमोर ९ आणि २ आले, शब्दांसमोर ८ आणि ४, कामांसमोर ९ आणि ८, स्पर्शासमोर ७ आणि ४. येथे पाहण्यासारखा आकडा पहिल्या रकान्यातला नसून दोन रकान्यांमधल्या फरकाचा आहे. वेळेत सातचे अंतर आहे, कामांत एकाचे. पण कामांची गरजही ९ आहे, आणि चाचणीने तिला तिसऱ्या क्रमांकावर ढकलले होते. हा कागद पाहिला की तुमच्या पतींना एक गोष्ट प्रथमच दिसेल, ती म्हणजे त्यांनी केलेली कामे तुम्हाला हवी आहेत, पोहोचत आहेत आणि मोजली जात आहेत. मला शंका आहे की ‘मी माझ्या भाषेत प्रेम करतोच आहे’ या त्यांच्या वाक्यात ही कामे कोणी पाहते की नाही, असा प्रश्न दडलेला असावा. त्यांना शब्दांत फक्त ५ गुण मिळाले म्हणून त्यांना कौतुक नको आहे, असे समजू नका. त्यांच्या कागदावर त्या ओळीत काय येते ते पाहा.

मग ज्या ओळीत सर्वांत मोठे अंतर आहे, त्या एकाच ओळीबद्दल विनंती करावी, आणि ती घड्याळात बसेल अशी असावी. ‘मला वेळ दे’ ही विनंती पुरी करता येत नाही, कारण ती पुरी झाली हे कधी ठरवायचे हेच कळत नाही. ‘पहिल्या पाळीच्या आठवड्यात मुलगी झोपल्यावर अर्धा तास, दोघांचे फोन दुसऱ्या खोलीत’ ही विनंती पुरी करता येते. रात्रपाळीच्या आठवड्यात तो अर्धा तास निघणार नाही हे आधीच मान्य करा आणि त्या आठवड्यासाठी दुसरे काहीतरी ठरवा, उदाहरणार्थ ते कामावरून परतल्यावर आणि तुम्ही बँकेत निघण्यापूर्वीचा एकत्र चहा. त्यांच्या कागदावरच्या सर्वांत मोठ्या अंतराबाबतही हेच करावे लागेल, आणि ते अंतर तुमच्या अंदाजापेक्षा वेगळ्या ओळीत निघाले तर त्यावर वाद घालू नये.

त्या अर्ध्या तासात काय व्हावे, याबद्दल संशोधनातून काही सांगता येते. मानसशास्त्रज्ञ हॅरी रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे ज्यावर काम केले आहे ती गोष्ट अशी की समोरच्याने मला समजून घेतले, माझ्या म्हणण्याला किंमत दिली आणि त्याला माझी काळजी आहे, असे वाटणे हे जवळिकीच्या मुळाशी असते. ते वाटणे शब्दांनी येऊ शकते, भांडी घासल्याने येऊ शकते, आणि एकाच सोफ्यावर तासभर बसूनही न येऊ शकते. म्हणून पहिली दहा मिनिटे मुलीचे लसीकरण, घराचा हप्ता, किराणा यांची चर्चा नको. ती सुरू झाली की तुमचा अर्धा तास कामांच्याच रकान्यात जाईल. दिवसभरात काय घडले ते एकाने सांगावे आणि दुसऱ्याने उपाय न सुचवता एखादा प्रश्न विचारावा. कामे करून प्रेम दाखवणाऱ्या माणसांना उपाय न सुचवणे फार जड जाते, तेव्हा पहिले काही दिवस ते जमले नाही तर चिडू नका.

हे बिघडते कसे, तेही सांगते. ‘मी दोन दिवस बसलो, आता तुझी पाळी’ असा हिशेब सुरू झाला, तर कागद काही आठवडे बंद करून ठेवावा. दोघांपैकी एक जण नेहमी ९ आणि १० च लिहू लागला आणि दुसऱ्याच्या आकड्यांची थट्टा करू लागला, तर अडचण प्रेमभाषेची नसून अनादराची आहे, आणि तेथे घरच्या घरी केलेले कागद पुरत नाहीत, विवाह-समुपदेशकाकडे जावे. पंधरा दिवसांनी दोन्ही रकाने पुन्हा भरले आणि अंतर तसेच राहिले, पण ठरलेले मात्र पाळले गेले होते, असे झाले तर विनंती चुकीच्या ओळीत केली होती असे समजून दुसरी ओळ घ्यावी. कधी कधी ‘वेळ’ मागणाऱ्या माणसाला खरे तर सलग झोप हवी असते, आणि चौदा महिन्यांच्या बाळाच्या आईच्या बाबतीत ही शक्यता मी आधी तपासेन.

पतींना काय सांगायचे, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाबाबत एवढेच सुचवते की ‘मानसशास्त्रज्ञांनी हे खोटे ठरवले आहे’ या वाक्याने सुरुवात करू नका. ते आतापर्यंत चाचणीचा निकाल पुढे करत होते. तुम्ही संशोधकांचा पुढे कराल, आणि बोलणे पुन्हा कोण बरोबर यावर जाईल. हे पत्र वाचायला दिले तरी चालेल, पण त्याआधी कागदावरची कामांची ओळ त्यांना दाखवा, त्यातला ८ त्यांनी कसा मिळवला हे दोन-तीन नेमक्या प्रसंगांसह सांगा, आणि मग वेळेच्या ओळीवर या.